टेंभुर्णीला येण्याअगोदर

भादव्यातल्या एका मंगळवारी दुपारी पोस्टमन आला आणि कार्ड माझ्या हातात न देता ओट्यावर ठेवून निघून गेला. एरवी तो पाणी मागतो, तंबाखू मागतो. कार्डाचा वरचा कोपरा फाडलेला होता. तसलं कार्ड वाचायच्या आधीच कळतं. माझी बायको आसराबाई भाचीच्या बाळंतपणासाठी वऱ्हाडात भावाकडे गेलेली. चार दिवस ताप आला आणि गेली. कचरूने, म्हणजे तिच्या भावाने, दुसऱ्याकडून लिहवून घेतलेलं. तिकीट मात्र बरोबर लावलेलं होतं. मला त्या वेळी आधी तेच दिसलं, याची अजून लाज वाटते.

असलं कार्ड घरात ठेवायचं नसतं. मी ते फाडलं. मग तिची पेटी उघडली, कारण घरात ठेवलेलं दुसरं एक पत्र तिच्यात होतं. ते मी लिहिलेलं. तेवीस वर्षांपूर्वीचं. त्या पत्राने माझी जेवढी फजिती केली तेवढी कोणी केली नाही, आणि त्याच्यामुळेच मला संसार मिळाला. तेवढं सांगतो.

मी तेव्हा जालन्याला एका जिनात काट्यावर होतो. कापसाच्या गाड्या तोलायच्या, एवढंच काम. हंगामात वऱ्हाडातल्या बाया कापसातली कवडी, म्हणजे किडका कापूस, निवडायला यायच्या, त्यांत आसरा होती. मानमोडीच्या तापाच्या साथीत तिचे आईबाप गेले आणि नवराही गेला. सासरच्यांनी तिला भावाच्या दारात आणून सोडलं. मला ती आवडली. तिला मी आवडलो का, हे तिने सांगितलं नाही. हंगाम संपला त्या दिवशी मी लग्नाचं विचारलं, तेव्हा ती सरकीच्या ढिगाकडे बघत म्हणाली,

"पाट लावायला माझी ना न्हाई. पण मी अगोदर तुमच्या घरी येईन, तुमच्या मायबापाला बघीन. मन बसलं तर व्हय म्हणीन. न्हाई तर भावासंगं माघारी."

"बराबर हाय," मी म्हणालो.

"आन एक. यायच्या अगोदर मला खरं खरं कळवा, माणसं कशी हायेत ते. पहिल्या वक्ताला मला सांगितलं व्हतं, सोन्यासारखी माणसं हायेत. चार वर्षं मी ते सोनं बघितलं."

अक्षय तृतीयेनंतरचा बाजाराचा दिवस ठरला. मी कबूल झालो. पत्र म्हणजे काय, चार ओळी. रोज पन्नास गाड्या तोलणाऱ्या माणसाला चार ओळी जड जाव्यात असं कोणाला वाटेल? मलाही वाटलं नव्हतं.

पहिली चूक ही झाली की मी ते खोलीच्या दारात बसून लिहायला घेतलं. शेजारी भुजंग फिटर राहायचा. त्याला यंत्राचं सगळं कळायचं, आणि यंत्राचं कळतं म्हणून माणसाचंही कळतं असं तो समजायचा.

"काय लिहून राह्यला?"

"घरच्यांची माहिती."

त्याने कागद ओढून घेतला. त्यावर एकच ओळ होती, 'माझी माय कमी बोलते.'

"अरे येडा का खुळा! असं लिहितेत व्हय? लिही, माय म्हंजे देवमाणूस. वडील राजामाणूस. मेंढरं दीडशे."

"चाळीस हायेत."

"येईस्तोवर व्यातील की!"

मी त्याच्या सांगण्याप्रमाणे एक पान लिहून पाहिलं. वाचल्यावर मलाच त्या घरी राहायला जावंसं वाटलं. पण असं सोन्यासारखं घर तिने एकदा पाहिलेलं होतं. पान फाडलं.

घरमालकीण तुळजाबाई वरून ऐकत होती. तिने तीन सुना नांदवल्या होत्या, त्यांतल्या दोन अजून तिच्याशी बोलत होत्या.

"भुजंगाचं ऐकू नको, लेकरा. उलटं लिही. सासू खाष्ट, सासरा तापट, घरात पान्याचे हाल. मंग पोरगी येती, बघती, म्हनती, एवढं काय वाईट न्हाई की! झालं काम."

ही युक्ती मला फार हुशारीची वाटली. दुसरं पान लिहिलं. रात्री पुन्हा वाचलं तर मायचा चेहरा डोळ्यासमोर आला. माझ्या मायने कोणाला कधी टोचून बोललेलं नाही, तिला मी दोन आण्याच्या शाईत खाष्ट करून टाकलं होतं. शिवाय आसरा ते वाचून येणारच नाही, हे तुळजाबाईच्या ध्यानात आलं नव्हतं. तेही पान फाडलं.

असे आठ दिवस गेले. जिनातले लोक मला विचारायला लागले, "झालं का पत्र?" मुनीम म्हणाला, पत्र लिहितो का दस्तऐवज करतो. मला राग आला. मग एका दुपारी काट्यासमोर बसलो असताना डोक्यात आलं की आपण रोज करतो तेच इथं करायचं आहे. पारड्याला बोट लावायचं नाही, ना खालून ना वरून. आहे ते तोलायचं. माणसं चांगली का वाईट ते आपण लिहायचंच नाही. ती काय करतात ते लिहायचं, आणि त्याचा तिने काय अर्थ घ्यायचा नाही ते लिहायचं. मग पत्र अर्ध्या तासात झालं.

कार्डावर लिहिलं तर अख्खा गाव वाचेल म्हणून तुळजाबाईने लिफाफा घ्यायला लावला. पाठवणाऱ्याचा पत्ता मी खोलीचा घालणार होतो, तर भुजंग म्हणाला, "भाड्याच्या खोलीचा पत्ता घालून सोयरीक करतेत व्हय? खानदानी माणसानं आपलं गाव लिहावं." मी लिहिलं, इंद्रभान कारभारी, मुक्काम टेंभुर्णी. ही दुसरी चूक.

तिसरी तर त्याहून मोठी. जालन्याला तेव्हा दोन डाकखाने. एक आपल्या निजाम सरकारचा, एक इंग्रजांचा. आपल्या सरकारचं तिकीट मोगलाईतच, म्हणजे निजामाच्या मुलखातच चालतं, शीव ओलांडली की त्या तिकिटाला कोणी ओळखत नाही. आसराचं गाव शिवेपलीकडे, वऱ्हाडात, इंग्रजी मुलखात. मला हे माहीत असायला पाहिजे होतं. पण आपला डाकखाना जवळ होता आणि भुजंग म्हणाला, "पेटी ती पेटी. जल्दी टाक." टाकलं. इतकं हलकं वाटलं की दोघांनी जाऊन भजी खाल्ली.

तिकडे काय झालं ते मला पुढे कळलं. पत्र बिनतिकिटाचं धरलं गेलं आणि बैरंग झालं. म्हणजे घेणाऱ्याने दुप्पट महसूल भरायचा, मग पत्र. पोस्टमन कचरूच्या दारात गेला. बैरंग पत्र म्हणजे एक तर कोणी मेलं किंवा कोणी फसवतो, असं कचरूचं पक्कं मत. त्याने हातही लावला नाही. आसरा शेतात होती, तिला त्याने सांगितलंही नाही. मग कायद्याप्रमाणे ते पाठवणाऱ्याकडे परत निघालं. पाठवणारा कुठं? मुक्काम टेंभुर्णी.

टेंभुर्णीला माझे वडील, कारभारीदादा, ओट्यावर बसलेले. त्यांनी आयुष्यात कधी बैरंग काही घेतलं नव्हतं, पण पोराचं नाव म्हटल्यावर महसूल भरला. आणि भरल्यावर त्यांचं म्हणणं असं पडलं की ज्याचे पैसे दिले ती वस्तू उघडून बघितलीच पाहिजे. धर्मराज गुरुजींना बोलावलं. गुरुजींचा आवाज खणखणीत. माझ्या आईबापांविषयी मी आसराला गुपचूप कळवलेलं सगळं माझ्या आईबापांनी शेजारच्या चार घरांसह ऐकलं.

मला यातलं काही माहीत नाही. ठरल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी मी घरी पोचलो. मायने मायेने पाणी दिलं, दादांनी तब्येत विचारली. दादांनी माझी तब्येत विचारावी हेच मुळात विपरीत होतं. मी समजलो, उद्याची गडबड.

दुसऱ्या दिवशी कचरूची गाडी आली. आसरा उतरली. तोंड घट्ट. माझ्याकडे बघितलंही नाही. मला वाटलं, पत्र पोचलं, खरं वाचलं आणि खरं सोसलं नाही.

मग सुरू झाला तो प्रकार मी जन्मात विसरणार नाही. माझी माय, गोपिकाबाई, जिच्या तोंडून दिवसात दहा शब्द निघत नसत, ती दारातच बोलायला लागली. "या बाई, या. ऊन लई हाय. वाटेत पाणी मिळालं का? तुमच्याकडं पाऊस कसा हाय?" वैशाख चालू होता. आसरा म्हणाली, "पाऊस न्हाई." माय म्हणाली, "इकडंबी न्हाई." मग मायने पुन्हा पावसाचंच विचारलं.

नवी घोंगडी अंथरली. आसराला तिच्यावर बसवलं. आसरा चुलीकडे जायला उठली तर माय म्हणाली, "बसा, बसा, तुम्ही पाहुण्या." भाकरी थापू दिली नाही, पाणी शेंदू दिलं नाही, ताटलीसुद्धा उचलू दिली नाही. आसराचा चेहरा आणखी उतरत गेला. ज्या बाईला घरात घ्यायचं आहे तिला कोणी अशी देवासारखी बसवत नाही. पाहुणी म्हणून बसवायचं म्हणजे पाहुणी म्हणून पाठवायचं, हे तिला माहीत होतं.

दादांची तऱ्हा वेगळीच. ते एका जागी दहा मिनिटं बसत नाहीत, बोलणं अर्धं टाकून मेंढरांकडे जातात. त्या दिवशी ते खांबाला टेकून बसले ते बसलेच. कचरूशी बोलत राहिले. कचरू बोलेना तरी बोलत राहिले. मागे वाड्यातली मेंढरं ओरडायला लागली, मी म्हणालो, "दादा, बघून येता का?"

"न्हाई. मी हितंच बसनार हाय," ते असं म्हणाले जणू मी त्यांना देशोधडीला लावतोय.

शेवटी मेंढरांनीच निकाल लावला. काट्यांचं कुंपण मोडून आत आली आणि बाजेवर वाळत घातलेल्या कुरडया खायला लागली. मायने पंधरा दिवस खपून केलेल्या. दादांनी ते पाहिलं. त्यांचे गुडघे हलले. पण उठले नाहीत. "खाऊ द्या," म्हणाले. कचरूने माझ्याकडे बघितलं. असल्या घरात बहीण द्यावी का, हे त्याच्या डोळ्यांत स्पष्ट होतं.

जेवणं झाली. आसरा लोटाभर पाणी प्यायली आणि तिने लोटा पालथा घालून ठेवला.

इथं पत्रातली एक ओळ सांगावी लागते. मी लिहिलं होतं, 'तुला निघावंसं वाटलं तर कोणाला काही बोलू नको. पाणी पिऊन लोटा पालथा ठेव. मी गाडी जुंपीन. का ते विचारणार नाही.'

मी लोटा पाहिला. पण शब्द दिलेला होता. काही न बोलता उठलो, बाहेर आलो आणि कचरूचे बैल सोडून गाडीला लावायला लागलो. जू नीट बसेना. एक बैल माझ्या पायावर उभा राहिला, तेही मी त्याला सांगितलं नाही.

मागून मायची हाक आली. माय धावत येत होती. मी तिला धावताना त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. ती सरळ गाडीपुढे येऊन उभी राहिली.

"आसरा! काय कमी पडलं, बाई? बोलले न्हाई का मी? दिसभर बोलले! तोंड दुखून आलं!"

दादाही आले, धोतर सावरत. "मीबी उठलो न्हाई! कुरडया गेल्या तरी उठलो न्हाई!"

आसरा दारात उभी. "कोण चाललंय?"

"तूच की," मी म्हणालो. "लोटा पालथा घातला न्हाई का?"

"धूळ जाऊ नये म्हणून घातला. आमच्याकडं समदेच घालतेत. त्याला गाडी कशाला जुंपता?"

"पत्रात लिहिलं व्हतं!"

"कोणतं पत्र?" आता तिचा आवाज चढला. "महिनाभर वाट बघितली. एक ओळ आली न्हाई. म्हटलं, हाबी त्यातलाच. आज शब्द पाळायला आले मी, दुसरं काय न्हाई."

कचरूने खाली बघितलं आणि पुटपुटला, "एक बैरंग आल्तं. म्या माघारी धाडलं."

मग दादांनी हळूच पटक्याच्या घडीत हात घातला आणि लिफाफा बाहेर काढला. घामाने ओला झालेला. "हे आल्तं बाबा. गुरुजींनी वाचलं. आम्हाला वाटलं, तू तिला दुसरं धाडलं असशील."

मला जमीन फाटून आत घेईल तर बरं असं झालं. दिवसभरच्या पावसाचा आणि कुरडयांचा उलगडा एकदम झाला.

आसरा पायरीवर बसली. "वाचा."

"आत्ता?"

"मला वाचता येत न्हाई. आन माझ्या नावाचं हाय. वाचा. त्यांच्या म्होरंच वाचा."

आईबापांविषयी लिहिलेलं आईबापांसमोर वाचायचं, आणि ते ज्यांनी आधीच ऐकलंय त्यांच्यासमोर. कुंपणाबाहेर शेजारची चार घरं पुन्हा जमली होती. त्यांना तर पाठ होतं. मी जोखडाला टेकून वाचायला लागलो.

"'आसराबाईस रामराम. घरात माय, दादा आणि मी, तिघंच. एक जेवण आहे, मुक्काम नाही. दिवस मावळायच्या आत तू माघारी निघशील. त्या दिवशी कोणाला पसंत पडायचं काम तुझ्यावर नाही.'"

"हे चांगलं हाय," आसरा म्हणाली. "म्होरं?"

"'दादा बोलता बोलता उठून जातील. तो राग नव्हे. त्यांना माणसांपेक्षा मेंढरांत बरं वाटतं. फार वेळ बसले तर मात्र समज की आजारी आहेत.'"

दादा खाकरले. "आता जाऊ का मंग? आत समदी कुरडई संपली असंल."

"थांबा जरा," माय म्हणाली.

"'एखादी शेजारीण विचारील, किती वर्षं नांदलीस, मूल का झालं नाही. सांगायचं नसेल तर सांगू नको. मी जवळच असेन, दुसरा विषय काढीन. मी बिनलग्नाचा आणि तुझा पाट, म्हणून आमच्या रीतीने अगोदर माझं लग्न रुईच्या झाडाशी लावतील, तेव्हा तुला बाजूला बसवतील. वाजंत्री नसेल, मांडव नसेल. याचं वाईट वाटणार असेल तर ते आधीच वाटून घे. मला पण वाटतं.'"

आसराने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"'माय तुला पहिल्या दिवशी जवळ घेणार नाही. ये म्हणणार नाही, बस म्हणणार नाही. तिची वाट पाहू नको. ती हातात काम देईल. माझ्या मायचं ये म्हणणं तेच. काम दिलं नाही तर मला कळव, कारण मग काय करायचं ते मलाही माहीत नाही.'"

पुढे लोट्याचं होतं आणि माझी सही. मी कागद घडी केला. कुंपणापलीकडून कोणी तरी म्हणालं, "गुरुजींनी ह्याच्यापेक्षा झकास वाचलं व्हतं."

आसराने मायकडे बघितलं. "खरं हाय का हे, आत्याबाई?"

दहा शब्दांचा दिवस मायने केव्हाच संपवला होता. मग ती घरात गेली, आतून सूप घेऊन आली, त्यात तूर होती. ते तिने आसराच्या मांडीवर ठेवलं.

"खडे लई हायेत," एवढंच म्हणाली.

आसरा पाखडायला लागली. दादा उठले आणि मेंढरांकडे पळाले. मी बैल सोडले. कचरू म्हणाला, "एवढंच व्हतं तर बैरंगाचे पैसे भरले असते म्या." पण त्याचं कोणी मनावर घेतलं नाही.

पाट पुढच्या पंधरवड्यात लागला. माझं लग्न आधी रुईशी झालं. ती बांधावर वाऱ्याने हलत होती आणि आसरा बाजूला बसून तोंडाला पदर लावून हसत होती. पुढे आमचं भांडण झालं की ती म्हणायची, "जा की मोठीकडं, ती काय बोलत न्हाई." माय गेली तेव्हा तिचं डोकं आसराच्या मांडीवर होतं. त्याच मांडीवर पहिलं सूप ठेवलं होतं, असं मला तेव्हा वाटलं.

ते पत्र आसराने ठेवून घेतलं. वाचायला ती शिकली नाही. दरवर्षी अक्षय तृतीयेला माझ्याकडून वाचून घ्यायची आणि मेंढरांच्या ठिकाणी पोचली की दादांची नक्कल करायची. मी एकदा म्हणालो, "माझ्या मायबापाचं मी लिहून कळवलं. तुझ्या मायबापाचं मला काहीच माहीत न्हाई."

ती म्हणाली, "ते आता वर हायेत. तुम्हाला भेटतील तवा भेटतील. तवाच्या अगोदर सांगीन की. जल्दी काय हाय? बाप लई कडक व्हता, एवढं आत्ता ध्यानात ठेवा."

मी पुन्हा विचारलं नाही. कधी पेरणी होती, कधी सुगी, कधी ती दमलेली असायची, कधी मी. कचरूला विचारून पाहिलं, पण त्याला बापाची फक्त काठी आठवते. तिची माय बोलणारी होती का गप्प, ये म्हणायची का हातात काम द्यायची, हे मला माहीत नाही. आसराचं ते सांगायचं राहिलं.